काटा अडकलाय की वही अडकलीय?

पत्र

मी 37 वर्षांची, उंची पाच फूट दोन इंच. नाशिकला गंगापूर रोड भागात राहते, नोकरी दिवसभर बसून. सहा आठवड्यांपूर्वी वजन 76.2 होतं. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये रोज खाल्लेलं लिहून 1400 कॅलरींच्या आत राहते. आठवड्यातून चार दिवस गोल्फ क्लब मैदानावर पाऊण तास चालते. पहिल्या तीन आठवड्यांत तीन किलो उतरले. त्यानंतर दर सोमवारी काटा 73.0, 73.4, 73.2 असंच दाखवतोय. थायरॉइडची तपासणी नॉर्मल आहे. जिमवाला म्हणतो, ‘बॉडीला सवय झाली, आता 1100 वर या.’ मैत्रीण म्हणते, मेटाबॉलिझम बंद पडलाय. स्वयंपाक सासूबाई करतात, त्यामुळे वेगळं काही करून घ्यायला संकोच वाटतो. 1100 वर यायचं का? भीती वाटते, पण दुसरा मार्ग दिसत नाही.

— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, 1100 वर येऊ नका. निदान येते दोन आठवडे तरी नाही. 1400 चा आकडाही तसाच ठेवा.

तुमचं पत्र वाचून मी तुम्हाला फोनवर दोन प्रश्न विचारले होते. पहिला, सोमवारच का? तुम्ही म्हणालात, आठवड्याची सुरुवात म्हणून. दुसरा, रविवारी सकाळी काय खाता? त्यावर तुम्ही हसलात. नाशिकमध्ये हा प्रश्न विचारायची गरजच नव्हती. घरातले सगळे मिसळ खायला जाता, सोबत पापड, कधी जिलबी. तर्री, फरसाण, पापड यांत मीठ भरपूर असतं आणि मीठ पाणी धरून ठेवतं. पावातून आणि जिलबीतून आलेली जास्तीची साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवतं, तेव्हा तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं. म्हणजे तुम्ही आठवड्यातल्या सगळ्यात ‘ओल्या’ सकाळी काट्यावर उभ्या राहताय. शिवाय पाळी चार दिवसांवर आहे असं तुम्ही सांगितलंत. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेक जणींचं वजन निव्वळ पाण्याने किलोभर वाढतं आणि नंतर उतरतं. तेव्हा तीन सोमवारचे तीन आकडे पाहून चरबी कमी व्हायची थांबली असं ठामपणे म्हणता येत नाही. थांबली नाही असंही म्हणता येत नाही. त्या आकड्यांवरून काहीच कळत नाही, एवढंच खरं.

पहिल्या तीन आठवड्यांतले तीन किलोही पूर्ण चरबीचे नव्हते. खाणं एकदम कमी केलं की साठवलेली साखर संपते आणि तिच्याबरोबरचं पाणी निघून जातं. त्या तीनपैकी एक-दीड किलो पाणी असणार. ते पुन्हापुन्हा उतरत नाही, म्हणून चौथ्या आठवड्यापासून वेग मंदावलेला दिसतो. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं आणि घाबरून जाण्याची वेळही नेमकी तीच असते.

आता ‘मेटाबॉलिझम बंद पडला’ याबद्दल. वजन उतरलं की शरीराचा रोजचा खर्च कमी होतो हे खरं, कारण हलवायला, सांभाळायला शरीरच लहान झालेलं असतं. पण तीन किलोंनी होणारा हा फरक दिवसाला साधारण साठ-सत्तर कॅलरींचा. शरीर थोडी आणखी काटकसर करतं असं धरलं तरी हिशोब शंभर-सव्वाशेच्या पुढे फारसा जात नाही. तुमची उंची, वय, आत्ताचं वजन, बैठं काम आणि चार दिवसांचं चालणं धरून तुमचा रोजचा खर्च अंदाजे 1850 च्या आसपास येतो. तुम्ही खरोखर 1400 खात असाल, तर आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास चरबी जायलाच हवी. वजन खरोखर जागेवर असेल, तर एकच अर्थ निघतो: तुम्ही 1850 च्या जवळपास खाताय. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. तुम्ही 1400 लिहिताय. लिहिणं आणि खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ‘आम्ही 1200 कॅलरींपेक्षा कमी खातो, तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्या स्थूल लोकांचा खर्च आणि खाणं शास्त्रीय पद्धतीने मोजलं गेलं. त्यांचं मेटाबॉलिझम ठीकठाक निघालं. खाण्याची नोंद मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी होती. अभ्यास छोटा होता, पण खाण्याची नोंद कमी होणं त्यानंतरही पुन्हापुन्हा दिसलेलं आहे, आणि त्यातून आहारतज्ज्ञही सुटत नाहीत. मी स्वतः एकदा महिनाभर नोंद ठेवली होती. संध्याकाळी पोळ्या लाटताना तोंडात टाकलेल्या गुळाच्या खड्याची एकही नोंद त्या वहीत नाही.

‘पण मग पहिले तीन आठवडे उतरलं कसं?’ असं तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा तुमचं अ‍ॅप उघडून दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवायला सांगितल्या. दुसऱ्या आठवड्यात ‘तेल 2 चमचे’, ‘शेंगदाणे 8 ग्रॅम’ अशा ओळी होत्या. सहाव्या आठवड्यात ‘भेंडीची भाजी 1 वाटी’, ‘पोळी 2’ आणि कालचीच नोंद आज पुन्हा उतरवलेली. अ‍ॅपमध्ये ‘कालचं जेवण परत टाका’ ही सोय फार गोड असते. सुरुवातीला उत्साहाने मोजलेलं हळूहळू अंदाजावर जातं, ताट थोडंथोडं मोठं होतं, आणि वही मात्र 1400 च दाखवत राहते. सहाव्या आठवड्याच्या आसपास अडकलेल्या बहुतेक पत्रांत मला हेच दिसतं.

म्हणून मागच्या मंगळवारी तुम्हाला एक दिवस सगळं काट्यावर ठेवून मोजायला लावलं. त्याचा निकाल तुमच्या परवानगीने इथे मांडते, कारण हा एक दिवस पुष्कळ घरांत जसाच्या तसा बसेल.

आधी पोळ्या. एकेक पोळी मोजण्यात अर्थ नसतो, सासूबाईंची प्रत्येक पोळी वेगळ्या वजनाची. म्हणून सगळी कणीकच मोजली: 400 ग्रॅम गव्हाचं पीठ. तेलाची बाटली पोळ्यांच्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवली, मळताना आणि घडीला लावताना मिळून 27 ग्रॅम तेल गेलं. पोळ्या झाल्या 13. पिठाच्या ग्रॅमला सुमारे 3.4 कॅलरी, तेलाच्या ग्रॅमला 9. म्हणजे पीठ 1360, तेल 243, दोन्ही मिळून 1603 आणि 13 ने भागून एका पोळीच्या 123. तुमच्या अ‍ॅपमध्ये पोळी होती 85 ची. अ‍ॅपची पोळी चुकीची नाही, ती कुणाच्या तरी घरचा पातळ, कोरडा फुलका आहे. दिवसाला चार पोळ्या धरल्या तर लिहिलं 340, खाल्लं 492.

मग भेंडी. भेंडी अर्धा किलो, तिच्या स्वतःच्या कॅलरी दीडशेच्या थोड्या वर. पण कुरकुरीत व्हावी म्हणून तेल पडलं 45 ग्रॅम, म्हणजे 405, आणि दाण्याचं कूट 25 ग्रॅम, म्हणजे 140. सगळी कढई 710 कॅलरींची. तुमच्या वाट्याला पाव हिस्सा आला, 178. अ‍ॅपमधली वाटी 90 ची होती. आकड्यांत भेंडी नाममात्र आहे, कढईत निम्म्याहून जास्त कॅलरी एकट्या तेलाच्या.

चहा दोन वेळा. तुमच्याकडे फुल क्रीम दूध येतं. एका कपात 80 मिलिलिटर दूध, साधारण 70 कॅलरी, आणि दोन चमचे मिळून 8 ग्रॅम साखर, म्हणजे आणखी 32. कपाला शंभर झाले, लिहिले होते साठ. आणि शेवटी ऑफिसातला चिवडा. टेबलावर डबा उघडा असतो आणि येता-जाता चिमूट उचलली जाते. त्या दिवशी तुम्ही प्रत्येक चिमूट आधी एका कागदी कपात टाकलीत आणि संध्याकाळी कप मोजलात: 25 ग्रॅम, सुमारे 125 कॅलरी. अ‍ॅपमध्ये त्याची नोंद शून्य.

पोळ्यांचे 152, भाजीचे 88, चहाचे 80, चिवड्याचे 125. बेरीज 445. बाकी वरण, भात, दही यांच्या नोंदी जवळपास बरोबर निघाल्या. तुमचे 1400 त्या दिवशी 1845 होते. ‘बंद पडलेलं मेटाबॉलिझम’ ते हेच.

आता 1100 वर आला असता तर काय झालं असतं, हे नीट बघा. मी नको म्हणते त्याचं खरं कारण इथे आहे. वहीतले तीनशे कमी करायचे म्हणजे वहीत जे आहे त्यातूनच कमी करणार. तेल वहीत नाही, म्हणून ते कमी होणार नाही. चिवडाही वहीत नाही. कमी काय होणार? वरणाची वाटी, दही, मटकीची उसळ, कारण त्यांच्याच कॅलरी प्रामाणिकपणे लिहिलेल्या आहेत. म्हणजे प्रथिनं जाणार, तेल-साखर राहणार. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही जास्त झिजतात आणि भूक लवकर लागते. भूक लागली की चिवड्याच्या डब्याकडे फेऱ्या वाढतात, त्याही नोंद न होता. कदाचित आठवडाभर काटा हललाही असता, कारण 1100 लिहून प्रत्यक्षात दीड हजारावर आला असता. मग पुन्हा अडकलं असतं, आणि त्या वेळी कापायला ताटात काही उरलं नसतं.

एका दिवसावरून निकाल लावायचा नाही, मंगळवार जास्त तेलाचाही असू शकतो. म्हणून चौदा दिवस हेच करा, आकडा 1400 च ठेवून.

सगळं मोजायची गरज नाही. पालक, काकडी, टोमॅटो, कोबी डोळ्यांनी लिहिलेत तरी फरक पडत नाही. काट्यावर जायला हवेत फक्त जड गडी: तेल आणि तूप, कूट आणि खोबरं, पीठ आणि तांदूळ, दूध आणि साखर, आणि फरसाण-चिवडा-दाणे. साधा पाच किलोचा डिजिटल किचन काटा पुरतो. त्यावर भांडं ठेवून शून्य करायचं बटण असतं, ते वापरा. आधी एकदा काट्याचीच परीक्षा घ्या: मापाच्या भांड्याने 200 मिलिलिटर पाणी घातलं तर 200 ग्रॅमच्या जवळ दिसायला हवं. तेलाचं माप मात्र मिलिलिटरमध्ये करू नका, बाटलीचंच वजन आधी आणि नंतर घ्या. पळीने अंदाज चुकतो, बाटलीने चुकत नाही. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर 910 ग्रॅम लिहिलेलं असतं, ते याचसाठी लक्षात ठेवायचं.

सगळ्यांच्या भाजीतला आपला वाटा कसा काढायचा, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. घरातल्या दोन-तीन नेहमीच्या कढया आणि पातेली रिकामी मोजून त्यांची वजनं एका चिठ्ठीवर लिहा आणि फ्रिजला लावा. भाजी झाली की कढईसकट मोजा, रिकामी कढई वजा करा. समजा भाजी 520 ग्रॅम निघाली आणि तुमच्या वाटीत 130 आली, तर तुमचा हिस्सा पाव. कढईत पडलेलं तेल, कूट यांचाही पाव हिस्सा तुमचा. पाणी आटलं किंवा सुटलं तरी हे गणित बिघडत नाही, कारण तुम्ही शिजलेलं शिजलेल्याशी ताडताय. भाताला मात्र जपा. 50 ग्रॅम तांदळाचा साधारण दीडशे ग्रॅम भात होतो. अ‍ॅपमध्ये कच्च्या तांदळाची नोंद निवडून शिजलेल्याचं वजन टाकलं, की कॅलरी तिप्पट दिसतात, उलट केलं तर तिसऱ्या हिश्श्यावर येतात. कच्च्या पदार्थांचे आकडे पडताळायचे असतील, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली काढलेली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं बघा. अ‍ॅपमध्ये कुणीही भरलेल्या ‘मीडियम चपाती’पेक्षा ती शंभर पटीने बरी.

सासूबाईंचं काय? काटा लपवून वापरू नका, ते फार दिवस लपत नाही, आणि कळलं की तेलावर पहारा बसवलाय असंच वाटतं. सरळ सांगा: ‘आई, तुमच्या हाताला काही म्हणायचं नाही, माझ्या वहीचा हिशोब जुळत नाहीये. पंधरा दिवस बाटली मोजू का?’ आणि त्या पंधरा दिवसांत तेल कमी करा असं एकदाही म्हणू नका. मोजताना पद्धत बदलली, तर नेहमी किती जातं ते कळणारच नाही. ज्यांना रोज मोजणं जमत नाही त्यांनी निदान आठवड्याचं तेल मोजावं: रविवारी रात्री बाटली आणि डबा मोजा, पुढच्या रविवारी पुन्हा, मधे नवीन पिशवी फोडली तर ती मिळवा, आणि खाणाऱ्यांनी व सात दिवसांनी भागा. तळणाचं कढईत उरलेलं तेल वजा करा. माणशी रोज 30 ग्रॅम आलं, तर त्याच 270 कॅलरी झाल्या.

रविवारची मिसळ बंद करायला मी सांगणार नाही. ती मोजताही येत नाही. फरसाण, तर्री, दोन पाव मिळून सहाशे-सातशे लिहा, जिलबी असेल तर वेगळी, आणि त्यावर वाद घालू नका. तुम्ही आजवर 350 लिहीत होतात. बाहेरच्या खाण्याला जास्तीचा आकडा टाकण्यात नुकसान काही नाही. हातावरचं घड्याळ चालण्याचे 280 दाखवतं, ते तुम्ही खाण्याच्या कोट्यात मिळवत नाही म्हणालात, चांगलंच आहे. त्यातला निम्मा आकडा खरा धरला तरी पुरे.

वजनही आता रोज करा: उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. रोजच्या आकड्याकडे बघून काही ठरवायचं नाही, सात दिवसांची सरासरी काढून तेवढीच वहीत लिहायची. आणि तुलना करताना पाळीनंतरचा आठवडा पुढच्या पाळीनंतरच्या आठवड्याशीच ताडा.

चौदा दिवसांनी दोनपैकी एक चित्र दिसेल. खरा आकडा 1800 च्या आसपास निघाला, तर तिथून कमी करायचं आहे, पण वहीत नसलेल्या जागांतून. चिवड्याचा डबा दुसऱ्या टेबलावर गेला की सव्वाशे गेले. चहाचं दूध टोन्ड केलं आणि साखर एक चमचा केली, तर दोन कपांत ऐंशीच्या आसपास. चारऐवजी तीन पोळ्या, 123. भाजीच्या कढईत 45 ऐवजी 25 ग्रॅम तेल, तुमच्या वाट्याचे 45, आणि सासूबाईंना भेंडी झाकण न ठेवता जरा जास्त वेळ परतावी लागेल. तीनशे सत्तर झाले, आणि वरण-दह्याला हात लागला नाही. ते निम्मंच जमलं तरी काटा हलेल.

दुसरं चित्र: चौदा दिवस काटेकोर मोजूनही 1400-1450 च निघालं. तर अजून दोन आठवडे तसंच थांबा. चार आठवड्यांची सरासरी खरोखर सपाट असेल, तर माझा 1850 चा अंदाजच तुमच्यासाठी जास्त आहे. असं होतं, सूत्रं दहा टक्के इकडेतिकडे चुकतात. तेव्हा शंभर-दीडशे कमी करा किंवा रोजची दोन-अडीच हजार पावलं वाढवा, पण 1100 तेव्हाही नाही.

इतर वाचकांसाठी एक कुंपण घालते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा हिशोब डॉक्टरांना विचारूनच करावा. ज्यांना पूर्वी खाण्यावरून त्रास झालाय, किंवा मोजायला लागल्यावर घास घशाखाली उतरत नाही, त्यांनी काटा कपाटात ठेवावा. आणि अंगावर सूज, सतत थकवा, पाळी चुकणं असं काही असेल, तर वही तपासत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

तुमची पाळी येत्या शनिवारी. म्हणजे पुढच्या गुरुवारपासून सात दिवसांची सरासरी काढून मला कळवा. सोबत आठवड्याच्या तेलाचा आकडा पाठवा, आणि कढयांच्या वजनाच्या चिठ्ठीचा फोटोही. मागच्या एका ताईंनी कढई झाऱ्यासकट मोजली होती आणि महिनाभर सगळ्या भाज्या दीडशे ग्रॅमनी चुकल्या होत्या.